शंभरचा प्लॅन आणि न उघडणारा फॉर्म

एक टेराबाइटची हार्ड डिस्क पिशवीत टाकून कोणी आलापल्लीहून नागपूरच्या एसटीत बसला, तर तो तीनशे एमबीपीएसच्या लाइनला मागे टाकतो. हिशेब सोपा आहे. एक टेराबाइट म्हणजे 8 लाख कोटी बिट. आष्टी, चंद्रपूर करत नागपूर गाठायला सात तास धरू, म्हणजे 25,200 सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे 317 मेगाबिट येतात. संगणकांच्या जाळ्यांवरच्या आपल्या पाठ्यपुस्तकात अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी टेपांनी भरलेल्या मोटारीचा असाच हिशेब केला आहे. मी फक्त मोटारीच्या जागी लाल गाडी आणली.

आता त्यात खरेपणा आणू. डिस्क भरावी लागते आणि नागपुरात उतरवून रिकामी करावी लागते. यूएसबीवरून सेकंदाला 100 मेगाबाइट मिळाले, तरी प्रत्येक टोकाला 10,000 सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांवर जातात. एकूण वेळ 45,200 सेकंद होतो आणि वेग 177 एमबीपीएसवर उतरतो. नुसत्या प्रवासावर काढलेला 317 हा आकडा म्हणजे बँडविड्थ: मार्ग सेकंदाला जास्तीत जास्त किती नेऊ शकतो. सगळं धरून पदरात पडलेला 177 हा आकडा म्हणजे थ्रूपुट. आणि नागपूरच्या माणसाला नुसतं ‘अर्ज मिळाला का?’ एवढंच विचारायचं असेल, तर चिठ्ठी जाऊन उत्तर परत यायला चौदा तास लागतात. चिठ्ठी एका अक्षराची असो नाहीतर टेराबाइटची, प्रवासाचे चौदा तास ठरलेले. ही लेटन्सी.

इंटरनेटचा प्लॅन विकताना यातला पहिला आकडा सांगितला जातो. तक्रार मात्र बहुतेक वेळा तिसऱ्याची असते. ‘दोनशेचा प्लॅन आहे जी, यूट्यूब मस्त चालते, पण फॉर्म उघडूनच नाही राहिला,’ हे वाक्य अहेरी-आलापल्लीकडच्या सेवा केंद्रात ऐकू येतं तेव्हा बोलणारा खोटं बोलत नसतो आणि प्लॅनही खोटा असेलच असं नाही.

गैरसमज: शंभरचा प्लॅन म्हणजे शंभरचा वेग

पहिला घोटाळा एककाचा. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना संगणक मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून शंभरच्या लाइनवर फार तर 12.5 मेगाबाइट दिसणार. तिथे 11 दिसलं की ‘शंभर सांगून अकरा देतात’ अशी बोंब होते, प्रत्यक्षात लाइन जवळपास पूर्ण मिळालेली असते. उरलेली तूट पाकिटांवरच्या पत्त्याठिकाण्यांची. प्रत्येक पाकिटात कामाच्या माहितीसोबत कुठून आलं, कुठे जायचं, कितवं, हे लिहिलेलं असतं, त्यात पाचेक टक्के जातात.

यातून एक ओळखीची खूण मिळते. दोनशेचा प्लॅन घेतला, पण तारेने जोडलेल्या संगणकावर टेस्ट कायम 94 च्या आसपास अडकते, सकाळी तेच आणि रात्रीही तेच. हा आकडा दिसला की कंपनीला फोन करण्याआधी वायर बघावी. जुन्या राउटरचं पोर्ट शंभरचंच असतं, किंवा निळ्या-करड्या नेटवर्क केबलमधल्या चार जोड्यांपैकी दोनच धड असतात. अशा वेळी दोन्ही बाजूंची यंत्रं आपापसात शंभरवर तडजोड करतात, आणि त्यातून पत्त्याठिकाण्यांची तूट गेली की 94 च्या आसपास उरतात. उंदरांनी कुरतडलेली किंवा क्लिप तुटून ढिली झालेली केबल बदलायला फारसे पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी वेग पडण्याचं कारण वेगळं. घरोघरी येणाऱ्या फायबरची जी पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, तिच्यात एक प्रकाशतंतू फाट्यावर फुटून 32 किंवा 64 घरांत जातो. त्या सगळ्यांत मिळून खाली यायला सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर जायला त्याच्या निम्मे असतात. 64 घरांना शंभरचे प्लॅन विकले तर बेरीज 6.4 गिगाबिट होते. ही फसवणूक नाही. सगळी घरं एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, हे धरूनच भाव परवडतो. जेवणं आटोपल्यावर सगळे एकदम मालिका आणि सामने लावतात तेव्हा ते गृहीतक डळमळतं. बँडविड्थ तीच असते, आपल्या वाट्याचं थ्रूपुट कमी होतं.

गैरसमज: एमबीपीएस वाढवले की पान लवकर उघडतं

व्हिडिओपुरतं हे काही अंशी खरं आहे. व्हिडिओ म्हणजे एकाच दिशेने सलग येणारा माल. तो थोडा आधीच साठवून ठेवता येतो, त्यामुळे मधला विलंब डोळ्यांना दिसत नाही. शिवाय लोकप्रिय व्हिडिओंच्या प्रती कंपन्यांच्या जाळ्यात जवळपासच्या शहरांत ठेवलेल्या असतात. सरकारी फॉर्मचं असं नसतं. तो एकाच ठिकाणच्या सर्व्हरवर असतो, प्रत्येकासाठी वेगळा बनतो, आणि तो उघडणं म्हणजे पुढे-मागे चाललेला संवाद असतो.

फॉर्मचं फक्त पहिलं पान घेऊ, 100 किलोबाइटचं. त्याचा पत्ता टाकल्यावर प्रथम नावावरून अंकी पत्ता विचारला जातो: एक फेरी, म्हणजे प्रश्न गेला आणि उत्तर आलं. मग सर्व्हरशी जोडणी होते, दुसरी फेरी. मग कुलूपबंद संभाषणाच्या किल्ल्या ठरतात, तिसरी फेरी, जुन्या पद्धतीच्या सर्व्हरवर आणखी एक. आता कुठे ‘पान दे’ असं म्हणता येतं. पण सर्व्हर ते पान एकदम पाठवत नाही. त्याला आपली लाइन केवढी आहे ते ठाऊक नसतं, म्हणून तो सुरुवातीला साधारण दहा पाकिटं, म्हणजे 14-15 किलोबाइट सोडतो. ती पोचल्याची पावती मिळाली की वीस, मग चाळीस. 100 किलोबाइट पुरे व्हायला अशा तीन फेऱ्या लागतात. एकूण सहा.

हा सावधपणा उगीच आलेला नाही. ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातली जोडणी अशी कोसळली की 32 केबीपीएसचा वेग सेकंदाला 40 बिटांवर आला. दोन्ही ठिकाणांत अंतर 400 यार्ड, आपल्याकडे दोन बसथांब्यांतही त्याहून जास्त असतं. बँडविड्थ कुठेही गेली नव्हती. सगळे संगणक हरवलेली पाकिटं पुन्हा पुन्हा पाठवून एकमेकांची वाट अडवत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर 1988 मध्ये मांडलेल्या उपायातूनच ‘हळू सुरुवात कर, पावती आली की वाढव’ ही रीत रूढ झाली.

आता सहा फेऱ्यांचा वेळ काढू. फायबरवर एका फेरीला 40 मिलिसेकंद लागले तर सहाला 240, म्हणजे पाव सेकंद. यात प्लॅनचा वाटा किती? 100 किलोबाइट शंभरच्या लाइनवरून वाहून न्यायला फक्त 8 मिलिसेकंद लागतात. प्लॅन दोनशेचा केला तर 4. म्हणजे दुप्पट पैसे मोजून पाव सेकंदातले 4 मिलिसेकंद वाचले. पान उघडल्यावर ते पुन्हा चित्रं, अक्षरं, बटणांचा कोड मागवतं, त्यातला काही आणखी तिसऱ्याच सर्व्हरवरून येतो, मग कॅप्चा, मग जिल्हा निवडल्यावर तालुक्यांची यादी, तालुका निवडल्यावर गावांची. एका फॉर्मला वीस फेऱ्या लागणं मुळीच जास्त नाही. 40 मिलिसेकंदांच्या लाइनवर त्या पाऊण-एक सेकंदात उरकतात. 600 मिलिसेकंदांच्या लाइनवर बारा सेकंद लागतात, मग प्लॅन कितीचाही असो.

गूगलमध्ये असताना माइक बेल्शी यांनी 2010 मध्ये हेच मोजून दाखवलं होतं. लाइन 5 वरून 10 एमबीपीएस केली तर पान उघडण्याचा वेळ पाचेक टक्केच सुधारतो. लेटन्सी मात्र जितकी उतरवावी तितका वेळ जवळजवळ त्याच प्रमाणात उतरत जातो.

गैरसमज: आपण जंगलात, मुंबई लांब, म्हणून नेट हळू

हा समज आलापल्लीत पटकन पटतो, कारण इथे सगळंच लांब आहे. पण प्रकाशाला ते अंतर लांब वाटत नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. आलापल्लीहून चंद्रपूर, नागपूर करत मुंबईपर्यंत केबलचा मार्ग 1,200 किलोमीटर धरला, तर जाण्यायेण्याला मिळून 12 मिलिसेकंद लागतात. मधल्या यंत्रांचे थांबे आणि वळसे मिळवून प्रत्यक्ष 30-50 दिसतात. भामरागड आलापल्लीहून आणखी 65 किलोमीटरच्या आसपास आत आहे. तिथपर्यंत अखंड फायबर असेल, तर त्या जादा अंतराची किंमत जाऊन-येऊन 0.65 मिलिसेकंद, एक सहस्रांश सेकंदही नाही. पर्लकोटेला पूर आला की माणूस अडकतो, प्रकाश अडकायचं कारण नाही.

खरा प्रश्न ‘अखंड फायबर असेल तर’ यातला आहे. जिथे केबल नेता येत नाही, किंवा रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने ती तुटली की दुरुस्तीला दिवस लागतात, तिथे टॉवरला मागची जोडणी दुसऱ्या वाटेने द्यावी लागते. एक वाट मायक्रोवेव्हची, टॉवरवरच्या गोल ढोलांची, एका टॉवरवरून दुसऱ्यावर. हिचा विलंब अगदी कमी असतो. हवेतून लहरी काचेपेक्षा दीडपट वेगाने जातात. तिची मर्यादा वहनक्षमतेची आणि मुसळधार पावसाची.

दुसरी वाट आकाशातली. नेहमीचे संदेशवहन उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीबरोबर फिरत, एका जागी टांगल्यासारखे दिसतात. डिसेंबर 2018 मध्ये सोडलेला आपला जीसॅट-11 त्यांतलाच. प्रश्न वर जातो, खाली येतो, उत्तर वर जातं, खाली येतं: चार खेपा, मिळून 1 लाख 43 हजार किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने याला 0.48 सेकंद लागतात आणि प्रत्यक्षात एक फेरी 600 मिलिसेकंदांच्या घरात जाते. मघाचे बारा सेकंद इथून आले. ही लेटन्सी कुठलाही प्लॅन, कुठलाही राउटर, कुठलीही तक्रार कमी करू शकत नाही. ती भूमिती आहे. फोनवरच्या बोलण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस एका दिशेला 150 मिलिसेकंदांपर्यंतची आहे. उपग्रहावरून एका दिशेलाच त्याच्या दीडपटीहून जास्त जातात. त्यामुळे अशा जोडणीवर डॉक्टर आणि रुग्ण दोघं एकदम बोलू लागतात, दोघं एकदम थांबतात, आणि ‘आवाज येऊन राहिला का?’ यातच वेळ जातो. चित्र मात्र स्वच्छ असतं, कारण चित्राला दीड-दोन एमबीपीएस पुरतात आणि तेवढे मिळालेले असतात.

याचा उलटा गैरसमजही आता सुरू होईल, की उपग्रह म्हटलं की उशीर आलाच. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केलं. त्यात ज्या जिल्ह्यांची नावं आहेत त्यांत गडचिरोली आहे. हे उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवर फिरतात. चार खेपांचे 2,200 किलोमीटर म्हणजे सात-आठ मिलिसेकंद. बाकीचे थांबे धरून जगभर 25 ते 60 मिलिसेकंद मिळतात, म्हणजे फायबरच्या शेजारी बसण्याइतके. उपग्रह हा शब्द दोन्हीकडे तोच असला तरी उंचीत पासष्टपट फरक आहे.

गैरसमज: फोनवर 4जी दिसतंय, मग काय प्रश्न?

ते चिन्ह फोन आणि टॉवर यांच्यामधल्या हवेबद्दल बोलतं. टॉवरच्या पाठीमागे काय आहे, याबद्दल ते गप्प असतं. एप्रिल 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांतले 2,343 टॉवर 2जी वरून 4जी करायला मंजुरी दिली. अशा बदलात समोरची बाजू चांगलीच रुंद होते. मागची जोडणी त्या मानाने वाढली नाही, तर समोरच्या शंभर जणांना 4जी दिसतं आणि मागच्या अरुंद वाटेवर शंभरही जण उभे राहतात. काड्या पूर्ण, नेट ढिम्म, हे दृश्य बहुधा त्यातलं असतं.

गैरसमज: स्पीड टेस्ट चांगली आली, म्हणजे लाइन चांगली

मला विचाराल तर सगळ्यांत महागात पडणारा समज हाच, कारण त्याच्यापायी लोक नको तो प्लॅन घेतात. स्पीड टेस्ट आपणहून जवळचा सर्व्हर निवडते, त्याच्याशी एकदम अनेक जोडण्या उघडते आणि लाइन तुडुंब भरून बघते. म्हणजे ती बँडविड्थच्या जवळ जाणारा आकडा काढते. फॉर्म भरताना यातलं काहीच घडत नसतं.

एक केंद्र डोळ्यांसमोर आणू. वायरलेस जोडणी, खाली 40 आणि वर 4 एमबीपीएस. वरचा आकडा जाहिरातीत बारीक अक्षरात असतो, म्हणून ग्राहकाच्या लक्षात राहत नाही. सकाळी दहाला दुकान उघडतं. एका फोनचा फोटो-बॅकअप वायफाय मिळताच सुरू होतो, दुकानातला कॅमेरा आपली चित्रं क्लाउडवर पाठवतो, आणि एका संगणकावर स्कॅन केलेल्या कागदांचं फोल्डर आपोआप वर चढत असतं. या तिघांनी मिळून 4 एमबीपीएस पुरे भरून टाकले. आता जास्तीची पाकिटं कुठे जाणार? राउटरच्या आत त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जागा असते, बफर. तिथे ती रांगेत थांबतात.

पाकीट फेकून देण्यापेक्षा ठेवून घेतलेलं बरं, अशा समजाने उपकरणं बनवणाऱ्यांनी ही जागा वर्षानुवर्षं वाढवत नेली. समजा ती 500 किलोबाइटची आहे. 500 किलोबाइट म्हणजे 4,000 किलोबिट. लाइन सेकंदाला 4,000 किलोबिट वर नेते. म्हणजे रांग भरलेली असताना शेवटी उभ्या राहिलेल्या पाकिटाला बाहेर पडायला पूर्ण एक सेकंद लागतो. फॉर्मचा ‘पान दे’ हा इवलासा प्रश्न त्याच रांगेत शेवटी उभा राहतो. 40 मिलिसेकंदांची फेरी आता 1,040 ची झाली. वीस फेऱ्यांना एकवीस सेकंद. भूस्थिर उपग्रहापेक्षा वाईट लेटन्सी केंद्राने स्वतःच्या टेबलावर तयार केली. आणि उतरणारा मालही मंदावतो, कारण खाली आलेल्या पाकिटांच्या पावत्यांनाही वर जायला तीच रांग लागते.

या प्रकाराला जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास ‘बफरब्लोट’ असं नाव दिलं. ते स्वतः इंटरनेटच्या क्षेत्रातले जाणते. घरातल्या लाइनवर विचित्र विलंब दिसला म्हणून ते खोलात गेले, तेव्हा हे सापडलं.

ओळखायचं कसं? विंडोज संगणकावर काळी खिडकी उघडून ही आज्ञा द्यायची आणि चालू ठेवायची:

```
ping -t 1.1.1.1
```

मग दुसऱ्या फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला लावायचा. रांग फुगत असेल, तर आकडे असे चढतील:

```
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=42ms TTL=56
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=45ms TTL=56
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=388ms TTL=56
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=971ms TTL=56
Reply from 1.1.1.1: bytes=32 time=1014ms TTL=56
```

चढवणं थांबवलं की सेकंदा-दोन सेकंदांत आकडा पुन्हा 42 वर येतो. हे पडणं हाच पुरावा. लाइन बिघडलेली असती तर आकडा असा शहाण्यासारखा जागेवर आला नसता. तंत्रज्ञ येतो तेव्हा सगळे कौतुकाने बाजूला होतात, कामं थांबतात, तो टेस्ट लावतो, 40 येतात, आणि तो म्हणतो, ‘भाऊ, लाइन तं बरोबर आहे ना.’ तोही खोटं बोलत नसतो. आता काही टेस्ट लाइन भरलेली असतानाची लेटन्सीही दाखवतात. fast.com वर ‘अधिक माहिती’ दाबलं की रिकाम्या आणि भरलेल्या लाइनचे दोन आकडे वेगळे दिसतात. मोठ्या अक्षरातल्या एमबीपीएसपेक्षा त्या दोन आकड्यांतलं अंतर जास्त बोलकं असतं.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. पहिला फुकटचा: बॅकअप रात्रीवर टाकायचा, कॅमेऱ्याची क्लाउडवर जाणारी प्रत कमी दर्जाची ठेवायची, फोल्डर चढवणाऱ्या ॲपमध्ये अपलोडला मर्यादा घालायची. दुसरा राउटरमधला. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन (तेच, 1988 चे) यांनी 2012 मध्ये रांग किती लांब आहे यापेक्षा पाकीट रांगेत किती वेळ थांबलं याकडे बघणारी पद्धत मांडली. तिच्यावर आधारलेली सोय काही राउटरांत ‘एसक्यूएम’ या नावाने असते. तिला लाइनच्या वेगाच्या 85-90 टक्के आकडा द्यायचा, म्हणजे इथे वर जाण्यासाठी साडेतीनच्या आसपास. मग रांग आपल्या ताब्यात राहते, लांबत नाही, आणि लहान प्रश्नांना मोठ्या फाइलींच्या मागे उभं राहावं लागत नाही. थोडा वेग सोडून द्यायचा आणि फेरी पन्नासेक मिलिसेकंदांवर राखायची, हा सौदा फॉर्म भरणाऱ्याला फायद्याचा आहे. अडचण एवढीच की वायरलेस लाइनचा वेग स्वतःच तासातासाला बदलतो. साडेतीन ठरवले आणि संध्याकाळी लाइनच तीनवर आली, तर रांग पुन्हा टॉवरच्या बाजूला सरकते. फायबरवर हा उपाय चोख बसतो, 4जी वर अर्धामुर्धा.

गैरसमज: हळू वाटलं की मोठा प्लॅन घ्यावा

त्याआधी दोन पिंग. पहिला स्वतःच्या राउटरला, पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1:

```
ping -n 20 192.168.1.1
```

इथे 1 ते 5 मिलिसेकंद यायला हवेत. 80-100 येत असतील किंवा मधूनच उत्तर गायब होत असेल, तर दोष दुकानातल्या वायफायचा आहे. राउटर लोखंडी कपाटामागे असेल, मध्ये टिनाचा आडोसा असेल, किंवा शेजारच्या चार दुकानांचे राउटर त्याच पट्ट्यात ओरडत असतील. असा राउटर पाचशेच्या प्लॅनवरही तसाच चालेल. दुसरा पिंग बाहेरचा, मघाचा 1.1.1.1. आतला बरा आणि बाहेरचा सतत वाईट, अगदी पहाटे कोणी वापरत नसतानाही, तर लाइन किंवा टॉवरची मागची वाट. फक्त गर्दीच्या वेळी वाईट, तर एकतर आपली रांग नाहीतर वाटून घेतलेली बँडविड्थ. आपलं अपलोड थांबवून बघितलं की या दोघांतली कोणती ते कळतं.

दोन्ही पिंग उत्तम, बाकीच्या साइट झटकन उघडतात, आणि एकच पोर्टल गोल गोल फिरतं? मग रांग त्या सर्व्हरच्या दारात आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला सगळं राज्य तिथे उभं असतं. त्या दिवशी घेतलेला मोठा प्लॅन आपल्याला त्या रांगेत चार मिलिसेकंद लवकर नेऊन उभं करतो.

मोठा प्लॅन लागतोच अशीही ठिकाणं आहेत. वसतिगृहात वीस मुलं एकाच वेळी व्हिडिओवर तास बघत असतील, तर दोन-दोन करत चाळीस एमबीपीएस खरोखरच खर्च होतात, आणि तिथे तीसची लाइन कुठल्याही युक्तीने पुरणार नाही. केंद्राला मात्र दिवसभर कागद वर चढवायचे असतात. दोनशे किलोबाइटचा दाखला 4 एमबीपीएसवर 0.4 सेकंदात जातो, पण पाच मेगाबाइटचे फोटो घेऊन आलेल्या दहा माणसांना तिथे शंभर सेकंद लागतात. त्याने प्लॅन बदललाच तर खाली 40 चे 100 करून काही साधणार नाही. वर 4 चे 20 करून देणारा कोणी आहे का, आणि मागची वाट फायबरची आहे की हवेतली, हे दोनच प्रश्न विचारण्यासारखे आहेत. विक्रेत्याला पहिल्याचं उत्तर कागद बघून सांगता येतं. दुसऱ्याचं उत्तर त्याला माहीत नसेल, तर चालू ग्राहकाच्या दुकानात रात्री नऊला बाहेरचा पिंग लावून ते पाच मिनिटांत काढता येतं.